मुलाखतीनंतरचा आभाराचा मेल: पॅनेलमध्ये कुणाला, कधी आणि काय लिहायचं

आभाराच्या मेलमुळे नोकरी मिळत नाही. मी आधी उमेदवार म्हणून असे मेल लिहिले आणि गेली काही वर्षं पॅनेलवर बसून ते वाचतोय. नापास उमेदवार मेलने पास झालेला मी पाहिलेला नाही. पण दोन उमेदवार जवळजवळ बरोबरीचे असतात आणि पॅनेलचं अजून ठरलेलं नसतं, तेव्हा अर्धवट राहिलेलं एखादं उत्तर पूर्ण करणारा मेल नक्की वाचला जातो. उलट नुसती विनवणी करणारा मेल आला, तर वाचणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि तो उत्तर न देता बाजूला ठेवतो.

अजीजी आणि तेच ते बोलणं हे दोन्ही दोष एकाच कारणाने येतात: लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नसतं. म्हणून खाली शब्दरचनेपेक्षा मजकूर कुठून आणायचा यावर जास्त लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून माझ्या मावसबहिणीची मुलाखत घेतो. ती कराडच्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करायची. पुण्यातल्या एका सामाजिक संस्थेत हिशेब अधिकारी पदासाठी तिला बोलावलं. मुलाखत गुरुवारी दुपारी झाली. समोर तिघं होते: संस्थेच्या संचालिका, वित्त विभागप्रमुख आणि एक प्रकल्प व्यवस्थापक. बोलावण्याचा मेल एचआरच्या मॅडमनी पाठवला होता. संस्थेचा कारभार मराठीत चालतो, म्हणून मेलही मराठीत गेले. तुमची मुलाखत इंग्रजीत झाली असेल तर मेल इंग्रजीत लिहा. रचना तीच राहते.

आधी एक इशारा

सरकारी भरती, एमपीएससी, जिल्हा परिषद, सार्वजनिक क्षेत्रातल्या बँका आणि कंपन्या, अनुदानित महाविद्यालयं अशा ठिकाणी मुलाखत दिली असेल, तर पॅनेलमधल्या कुणालाही आभाराचा मेल पाठवू नका. अशा जाहिरातींत उमेदवाराने कुठल्याही प्रकारे वशिला किंवा दबाव आणल्यास तो अपात्र ठरेल, अशी अट अनेकदा असते. तुमचा हेतू साधा असला तरी निवड समितीतल्या माणसाला उमेदवाराकडून आलेला खासगी मेल त्याच नजरेने पाहिला जाऊ शकतो. महाविद्यालयीन निवड समितीत बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ असतात. त्यांचा पत्ता तुम्हाला माहीत असला तरी हाच नियम. पुढचं सगळं खासगी कंपन्या, सामाजिक संस्था, प्रकाशनं, खासगी शाळा-रुग्णालयं यांच्यासाठी आहे.

काय जवळ असायला हवं

– मुलाखतीला बोलावणारा मूळ मेल किंवा मेसेज
– पॅनेलमधल्या सगळ्यांची नावं आणि हुद्दे, बरोबर स्पेलिंगसह
– मुलाखतीनंतर लगेच केलेली टिपणं
– मुलाखतीत 'पाठवते', 'पाठवतो' असं म्हणालेला कागद, पीडीएफ करून
– निर्णय कधीपर्यंत कळेल, याबद्दल त्यांनी सांगितलेले नेमके शब्द

१. खोलीतून उठण्याआधी दोन प्रश्न विचारा

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं विचारतात, तेव्हा इतर प्रश्नांसोबत हे दोन विचारून घ्या: 'पुढची प्रक्रिया साधारण कधीपर्यंत होईल?' आणि 'मध्ये काही कळवायचं असेल तर कुणाला लिहू?'

दुसरा प्रश्न फार उपयोगाचा आहे. तो विचारला की मेल कुणाला जावा हे त्यांनीच सांगितलेलं असतं आणि तुमचा मेल आगंतुक ठरत नाही. पहिल्याच्या उत्तरावर पुढचं सगळं वेळापत्रक उभं राहतं, म्हणून ते शब्दशः लक्षात ठेवा. 'पुढच्या आठवडाअखेरपर्यंत' आणि 'आठवड्याभरात' यांत गुरुवारच्या मुलाखतीनंतर एका दिवसाचा फरक पडतो.

मुलाखत ऑनलाइन असेल तर कॉल चालू असतानाच पडद्यावरची नावं लिहून घ्या. कॉल संपला की ती यादी समोरून जाते. कॅलेंडरच्या निमंत्रणात पाहुण्यांची यादी दिसत असेल तर तीही पाहून ठेवा. मात्र त्या निमंत्रणालाच 'रिप्लाय ऑल' करून आभार मानू नका. त्यात अनेकदा भरती एजन्सीचा माणूस किंवा पॅनेलवर नसलेलं कुणीतरी असतं.

२. पहिल्या अर्ध्या तासात टिपणं काढा

बाहेर पडून चहा घेता घेता, बसमध्ये, रिक्षात, जिथे जमेल तिथे. संध्याकाळपर्यंत थांबलात तर कुणी काय विचारलं याची सरमिसळ होते. टिपणं माणसागणिक काढा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: यांनी कशावर जास्त वेळ घेतला, माझं कुठलं उत्तर तोकडं पडलं किंवा चुकलं, आणि यांनी स्वतःच्या कामातली कुठली अडचण बोलून दाखवली.

तिसरा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो, कारण उमेदवार स्वतःच्या उत्तरांत गुंतलेला असतो. पण पॅनेलवरची माणसं प्रश्न विचारताना आपली दुखणी सांगून जातात. 'आमच्याकडे असं होतं की…' अशी सुरुवात झाली, की ते वाक्य लक्षात ठेवायचं.

मावसबहिणीची टिपणं अशी होती. वित्त विभागप्रमुखांनी विचारलं की एकच कर्मचारी दोन प्रकल्पांत काम करत असेल तर त्याचा पगार हिशेबात कसा विभागणार. पतसंस्थेत हा प्रश्न कधी आला नव्हता, त्यामुळे ती 'हजेरीवरून' एवढंच म्हणाली. शिवाय मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरण्याची शेवटची तारीख तिने ७ एप्रिल सांगितली. इतर महिन्यांसाठी पुढच्या महिन्याची ७ तारीख बरोबर असते, पण मार्चसाठी ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. संचालिका बोलता बोलता म्हणाल्या की तालुक्यांच्या कार्यालयांतून बिलं उशिरा येतात आणि मग देणगीदारांचे अहवाल रखडतात. प्रकल्प व्यवस्थापकांनी एकच प्रश्न विचारला: महिन्यातून दोन-तीन दिवस तालुक्याला फिरावं लागेल, चालेल का? त्यावर ती नुसतं 'हो' म्हणाली. एचआरला तिने आधीच्या नोकरीचं अनुभव प्रमाणपत्र पाठवायचं कबूल केलं होतं.

एवढ्यात मेलचा सगळा मजकूर आला. आता फक्त तो कुणाला जाणार ते ठरवायचं होतं.

३. कुणाकुणाला लिहायचं ते पत्त्यांवरून ठरवा

साधा नियम असा: ज्यांचा ऑफिसचा मेल पत्ता तुम्हाला सरळ मार्गाने मिळालाय, म्हणजे निमंत्रणात होता, त्यांनी कार्ड दिलं, किंवा त्यांनीच 'मला पाठवा' म्हटलं, त्यांना स्वतंत्र मेल. बाकीच्यांना एचआरमार्फत.

मावसबहिणीच्या बाबतीत वित्त विभागप्रमुख मूळ मेलमध्ये सीसीत होते. संचालिकांनी कार्ड दिलं होतं. प्रकल्प व्यवस्थापकांचा पत्ता नव्हता. म्हणजे तीन मेल झाले: विभागप्रमुखांना एक, संचालिकांना एक आणि एचआरला एक. एचआरच्या मेलमध्येच व्यवस्थापकांसाठी दोन ओळी.

पत्ता अंदाजाने बनवू नका. 'नाव, मग टिंब, मग आडनाव' या पद्धतीने बनवलेला मेल परत आला तर बरं. भलत्याच माणसाकडे पोहोचला तर त्याच्या हातात तुमच्या मुलाखतीचा तपशील पडतो. कुणाचा मोबाइल नंबर ओळखीतून काढून मेसेज करणं तर टाळाच. तेवढ्याने आधीची चांगली छाप पुसली जाते. लिंक्डइनवर पॅनेलच्या माणसाला जोडणीची विनंती निर्णय झाल्यावर पाठवा.

कुणाचाच पत्ता नसेल तर एचआरला एकच मेल करा आणि त्यात तिघांची नावं घेऊन प्रत्येकासाठी एकेक वाक्य लिहा. 'पॅनेलमधील सर्व मान्यवरांना माझे आभार कळवावेत' असं मोघम लिहिलंत तर ते कुणालाच कळवलं जात नाही.

नावांकडे नीट बघा. इंग्रजीत Kale वाचून मराठीत काळे लिहायचं की काले, हे संस्थेच्या वेबसाइटवरून किंवा वार्षिक अहवालातून तपासून घ्या. बाईंच्या नावाआधी 'सौ.' लावू नका. 'श्रीमती' किंवा नुसता हुद्दा पुरे. मुलाखतीत 'सर', 'मॅडम' म्हणाला असाल तर मेलमध्येही तेच ठेवा. समोरासमोर सर आणि मेलमध्ये 'आदरणीय महोदय' असं झालं की मेल कुठून तरी उचलल्यासारखा वाटतो.

४. वेळ: त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी

कचेरीच्या दाराबाहेर उभं राहून पाठवलेला मेल आधीच लिहून ठेवल्यासारखा दिसतो, आणि बहुतेक वेळा तो तसाच असतो. तीन-चार दिवसांनी पाठवला तर पॅनेलची चर्चा होऊन गेलेली असू शकते. त्यामुळे त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी.

मला सकाळ जास्त पटते. रात्री लिहून ठेवलेला मजकूर सकाळी वाचला की त्यातली अजीजी आपली आपल्याला दिसते. जीमेलमध्ये 'शेड्यूल सेंड' आहे. ते लावून झोपायचं असेल तर चालेल, पण मग सकाळच्या त्या वाचनाचा फायदा जातो. शुक्रवारी दुपारी उशिरा मुलाखत झाली तर शुक्रवारी संध्याकाळी पाठवा, नाहीतर सरळ सोमवारी सकाळी. रविवारी रात्री अकराला आलेला मेल मजकूर कितीही चांगला असला तरी बेचैनी सांगून जातो.

५. मजकूर: त्या माणसाच्या प्रश्नावर बांधा

आधी मावसबहिणीचा पहिला खर्डा वाचा. तो तिने गुरुवारी रात्री तिघांसाठी मिळून एकच लिहिला होता:

'आदरणीय महोदय, आपल्या नामांकित संस्थेत मुलाखतीची अमूल्य संधी दिल्याबद्दल मी आपली अत्यंत आभारी आहे. मला हिशेबाच्या कामाचा चार वर्षांचा अनुभव असून मी मेहनती व प्रामाणिक आहे. ही नोकरी माझ्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. मला एक संधी दिल्यास मी त्या संधीचं सोनं करेन. मिळेल ते काम करण्याची माझी तयारी आहे. तरी माझा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे. आपली कृपाभिलाषी.'

यातलं एकही वाक्य मुलाखतीत काय झालं ते सांगत नाही. मुलाखत झालीच नसती तरी हा मेल असाच लिहिता आला असता. अनुभवाची चार वर्षं अर्जात आहेत, ती परत सांगणं म्हणजे पुनरुक्ती. 'मिळेल ते काम' हे वाक्य तर घातक आहे. पद हिशेब अधिकाऱ्याचं आहे आणि ते याच माणसाला का द्यावं, हेच त्याने पुसून टाकलं. 'सहानुभूतिपूर्वक' आणि 'कृपाभिलाषी' हे शब्द शाळेत शिकवलेल्या अर्जाच्या नमुन्यातून आपल्या हातात बसलेले असतात. ते लिहिताना आपल्याला लाचार वाटत नाही, पण वाचणाऱ्याला तसं वाटतं.

खर्डा तपासायची माझी पद्धत अशी: प्रत्येक वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे वाक्य मुलाखतीच्या आदल्या दिवशी लिहिता आलं असतं का? असतं, तर ते काढा. फक्त आभाराचं पहिलं वाक्य याला अपवाद. या चाळणीतून वरच्या मेलमधलं काहीच उरत नाही.

सकाळी तिने टिपणं समोर घेऊन नव्याने लिहिलं. वित्त विभागप्रमुखांना गेलेला मेल:

विषय: हिशेब अधिकारी पदाची मुलाखत – आभार आणि एक दुरुस्ती

'नमस्कार सर,

काल मुलाखतीसाठी वेळ दिलात, त्याबद्दल आभार.

एकाच कर्मचाऱ्याचा पगार दोन प्रकल्पांत कसा विभागायचा, या तुमच्या प्रश्नाला मी "हजेरीवरून" एवढंच उत्तर दिलं होतं. ते पुरेसं नव्हतं. कर्मचाऱ्याच्या महिन्याच्या टाइमशीटवर प्रकल्प व्यवस्थापकांची सही घेऊन, त्याच प्रमाणात टॅलीमध्ये दोन कॉस्ट सेंटरवर पगार टाकला, तर ऑडिटच्या वेळी प्रत्येक रकमेमागचा कागद दाखवता येईल, असं मला वाटतं.

एक दुरुस्ती: मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरण्याची शेवटची तारीख मी ७ एप्रिल सांगितली. ती ३० एप्रिल आहे.

आपली,
(नाव, मोबाइल क्रमांक)'

यात 'मला नोकरी द्या' असं कुठेही नाही. चूक दुरुस्त करताना 'घाबरल्यामुळे', 'मला खरं तर माहीत होतं' अशी सारवासारवही नाही. चुकीची माहिती आणि बरोबर माहिती, एवढ्या दोनच गोष्टी. हिशेबाच्या माणसाला अशी दुरुस्ती करणारा सहकारी हवाच असतो. मात्र अशा दुरुस्त्या एका मेलमध्ये एकच. चार उत्तरं चुकली असतील तर सगळ्यांत महत्त्वाची एक निवडा, बाकी सोडून द्या. नाहीतर तो मेल उत्तरपत्रिकेची पुरवणी होतो.

दुरुस्ती करण्याआधी बरोबर उत्तर पक्कं तपासा, हे सांगायला नको. दुरुस्तीच चुकली तर तिची दुरुस्ती कुठल्या तोंडाने करणार?

संचालिकांना गेलेला मेल वेगळा होता, कारण त्यांच्याशी बोलणंच वेगळं झालं होतं:

'नमस्कार मॅडम,

काल मुलाखतीत संस्थेच्या कामाबद्दल सविस्तर सांगितलंत, त्याबद्दल आभार.

तालुका कार्यालयांतून बिलं उशिरा आल्यामुळे देणगीदारांचे अहवाल रखडतात, असं तुम्ही म्हणालात. पतसंस्थेत आमच्या शाखांच्या व्हाउचरांचं असंच व्हायचं. आम्ही महिनाअखेरीची वाट न पाहता दर शनिवारी व्हाउचर मागवायला सुरुवात केली. त्यामुळे महिना संपताना फक्त शेवटच्या आठवड्याचे कागद बाकी राहायचे. तुमच्याकडची अंतरं आणि माणसं वेगळी आहेत, तरी हा अनुभव कळवावासा वाटला.

आपली,
(नाव, मोबाइल क्रमांक)'

शेवटच्या वाक्यातला 'तुमच्याकडची अंतरं आणि माणसं वेगळी आहेत' हा तुकडा मी तिला मुद्दाम घालायला सांगितला. एका भेटीत संस्थेचा प्रश्न सोडवून दिल्याचा आव आणला तर वरिष्ठांना तो खटकतो. अनुभव सांगायचा, सल्ला द्यायचा नाही.

लांबीचं म्हणाल तर हे दोन्ही मेल शंभर शब्दांच्या आत-बाहेर आहेत. मोबाइलवर वाचताना फारसं सरकवावं लागू नये, इतकंच धोरण ठेवा.

६. तिन्ही मेल एकमेकांशेजारी ठेवून वाचा

पॅनेलवरची माणसं आलेले मेल एचआरकडे फॉरवर्ड करतात. म्हणजे तुमचे तिन्ही मेल शेवटी एकाच इनबॉक्समध्ये, एकाखाली एक, वाचले जाणार असं धरून चाला. नुसते शब्द फिरवलेले असतील, एकाला 'आभार', दुसऱ्याला 'धन्यवाद', तिसऱ्याला 'ऋणी आहे', तर ते लगेच दिसतं. आणि तेव्हा एकच मेल सगळ्यांना पाठवला असता तर बरं, असं वाटतं.

आभाराचं पहिलं वाक्य तिन्हीकडे सारखं असलं तरी बिघडत नाही. ते कितीही वेगळं करायला गेलात तरी ओढूनताणून होतं. फरक मधल्या परिच्छेदात हवा, आणि तो त्या त्या माणसाच्या प्रश्नावरून आला असेल तर आपोआप पडतो. एखाद्याने तुम्हाला काहीच विचारलं नसेल, नुसता ऐकत बसला असेल, तर त्याच्यासाठी मजकूर बनवू नका. एचआरच्या मेलमध्ये त्याचं नाव घेऊन आभार माना, झालं.

एचआरला गेलेला मेल:

'नमस्कार मॅडम,

कालच्या मुलाखतीची व्यवस्था आणि वेळेआधी पाठवलेली माहिती यांबद्दल आभार. ठरल्याप्रमाणे आधीच्या नोकरीचं अनुभव प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे.

प्रकल्प व्यवस्थापक सरांचा मेल पत्ता माझ्याकडे नाही. त्यांना माझे आभार आणि एवढा निरोप द्याल का: तालुक्यांच्या फेऱ्यांबद्दल मी फक्त "हो" म्हणाले होते. महिन्याच्या १ ते ७ तारखा हिशेब बंद करण्यात जातात, त्यानंतरचे कुठलेही दिवस मला चालतील.

पुढच्या आठवडाअखेरपर्यंत कळवाल असं ठरलं आहे, त्याप्रमाणे वाट पाहते.

आपली,
(नाव, मोबाइल क्रमांक)'

हा मेल मूळ बोलावण्याच्या मेललाच उत्तर म्हणून गेला, त्यामुळे पद, तारीख सगळं खाली आधीपासून होतं. शेवटचं वाक्यही पाहा. 'आतुरतेने' नाही, 'लवकरात लवकर' नाही. त्यांनीच दिलेली मुदत परत सांगितली आहे, आणि पुढे विचारणा करायची वेळ आली तर तिला आधार तयार झाला आहे.

७. जोडपत्रं आणि व्हॉट्सॲप

कागद जोडायचा तो फक्त मागितलेला किंवा कबूल केलेला. बायोडाटा पुन्हा जोडू नका, त्यांच्याकडे आहे. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि कागदाचं नाव असू द्या. फोनने दिलेलं आकड्यांचं लांबलचक नाव तसंच ठेवू नका. गूगल ड्राइव्हची लिंक द्यायची वेळ आली तर ती आधी दुसऱ्या खात्यातून किंवा 'इनकॉग्निटो' खिडकीत उघडून पाहा. परवानगी मागणारं पान समोर आलं तर पॅनेललाही तेच दिसणार. आणि कामाचा नमुना म्हणून जुन्या मालकाचे ताळेबंद, ग्राहकांच्या याद्या असलं काही पाठवू नका. आज त्यांचे कागद बाहेर देणारा उद्या आमचेही देईल, हा विचार पॅनेलच्या मनात पहिला येतो.

छोट्या कंपन्या आणि संस्था मुलाखतीचं बोलावणं व्हॉट्सॲपवरच करतात. तसं झालं असेल तर आभारही तिथेच, बोलावणाऱ्या व्यक्तीलाच, तीन-चार ओळींत. एकच मेसेज करा. 'नमस्कार मॅडम' वेगळा, आभार वेगळे आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग वेगळी, असं नको. पाठवल्यावर चूक दिसली तर पहिल्या पंधरा मिनिटांत मेसेज एडिट करता येतो. डिलीट केला तर तिथे खूण राहते आणि काय खोडलं याचं कुतूहल वाढतं. निळ्या टिकांवरून काहीही अनुमान काढू नका, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना सुप्रभात पाठवणं सुरू करू नका. हसू नका, असे मेसेज खरंच येतात.

८. मुदत उलटली तर

आभाराच्या मेलला उत्तर येईलच असं नाही, आणि आलं नाही म्हणून काही बिघडलंय असंही नाही. काही ठिकाणी निर्णय होईपर्यंत पॅनेलने उमेदवाराशी बोलायचं नाही अशी पद्धत असते. 'मेल मिळाला का?' अशी विचारणा करू नका.

त्यांनी सांगितलेली मुदत उलटून कामाचे दोन दिवस जाऊ द्या. मावसबहिणीला 'पुढच्या आठवडाअखेर' सांगितलं होतं, म्हणजे शुक्रवार धरला. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारी सकाळी तिने लिहिलं. फक्त एचआरला, आपल्या आधीच्या मेलच्याच साखळीत:

'नमस्कार मॅडम, हिशेब अधिकारी पदाबद्दल गेल्या आठवडाअखेरपर्यंत कळेल असं ठरलं होतं. निवडीची प्रक्रिया कुठपर्यंत आली आहे आणि आता साधारण कधी कळेल, हे सांगू शकाल का? माझ्याकडून आणखी काही कागद हवे असतील तर कळवा.'

यात पुन्हा आभार नाहीत, पुन्हा अनुभव नाही. आभार एकदाच मानायचे, दुसऱ्यांदा मानले की ते तगाद्याच्या गोड वेष्टनासारखे दिसतात. 'तसदीबद्दल क्षमस्व'ही नको. मुदत त्यांनी दिली होती, ती उलटल्यावर विचारण्यात तसदी कसली? आणि पॅनेलच्या तिघांना सीसीत घालू नका. तसं केलंत तर एचआरची तक्रार वरिष्ठांकडे केल्यासारखं होतं.

त्यांनी नवी तारीख दिली तर पुन्हा तोच हिशेब. काहीच उत्तर आलं नाही तर आठवड्या-दीड आठवड्याने आणखी एक छोटी विचारणा करा आणि तिथे थांबा. मुदत मुळात सांगितलीच नसेल तर पहिली विचारणा मुलाखतीनंतर दहा-बारा दिवसांनी.

मुदतीआधी लिहायला एकच रास्त कारण आहे: दुसरीकडून ऑफर आली आणि तिला ठराविक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. ते सरळ लिहा: 'मला दुसऱ्या ठिकाणी २२ तारखेपर्यंत कळवायचं आहे. तुमच्याकडचं काम मला अधिक पसंत आहे, म्हणून त्याआधी तुमचा निर्णय कळू शकेल का, एवढं विचारते.' नसलेली ऑफर मात्र दाखवू नका. 'ठीक आहे, ती घ्या' असं उत्तर आलं तर पुढे काही करता येत नाही.

९. नकार आला तर

नकाराच्या मेलला दोन ओळींचं उत्तर द्या: कळवल्याबद्दल आभार, आणि पुढे याच प्रकारचं पद निघालं तर अर्ज करायला आवडेल. 'माझ्यात काय कमी पडलं?' हा प्रश्न विचारू नका. त्याला लेखी उत्तर बहुतेक एचआर देत नाहीत. त्याऐवजी एखादी नेमकी गोष्ट विचारता येते, आणि तीही ज्यांच्याशी कामाबद्दल चांगलं बोलणं झालं त्यांनाच: 'सामाजिक संस्थांच्या हिशेबात यायचं असेल तर आधी काय शिकून घ्यावं?' याला उत्तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते.

हा मेल नकार आल्या दिवशीच पाठवायला हवा असं नाही. दोन दिवसांनी गेला तरी चालतो. ज्याला निवडलं तो रुजूच झाला नाही, असं मी पॅनेलवर असताना पाहिलेलं आहे, आणि मग एचआर यादीतल्या पुढच्या नावाला फोन करतात. म्हणून नकाराच्या उत्तरातही नावाखाली मोबाइल नंबर लिहायला विसरू नका.